कौन्सिलरनं भावाचं बोलणं थेट वडलांना सांगितलं, हे चालतं का?

ऊसकरी_निपाणी

नमस्कार मंडळी, वाचतोय बरेच दिवस, लिहायची पहिलीच वेळ, चूकभूल माफ करा.

धाकटा भाऊ, वय २६. बांधावरनं चुलतभावाबरोबर चार वर्षं वाद चाललाय, कोर्टात तारीख पे तारीख. गेल्या दिवाळीपासनं झोप नाही, जेवण नाही, दारू वाढली. बेळगावात एका डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्यांनीच सांगितलं म्हणून एका मॅडमकडं कौन्सिलिंगला पाठवायला लागलो. तीन वेळा गेला, जरा बरं वाटायलंय म्हणायचा. चौथ्या वेळी काय बोलणं झालं माहीत नाही, पण तो अजून बसमध्येच असताना मॅडमनी बाबांना फोन केला. म्हणाल्या, तुमच्या मुलानं चुलतभावाला मारायचं बोलून दाखवलंय, लक्ष ठेवा.

घरात काय झालं असंल ते सांगत नाही. भाऊ आता म्हणतो परत त्या दारात पाऊल टाकणार नाही, कुठल्याच कौन्सिलरकडं नाही. मला विचारायचंय की आत बोललेलं बाहेर जाणार नाही असंच असतंय न्हवं? मग हे कसं काय? पहिल्या दिवशी एका फॉर्मवर सही घेतलेली, चार पानी होता, कन्नड आणि इंग्रजीत. मीच म्हटलं कर रे सही, उशीर होतोय.

कुंदाप्रेमी

बेळगावात गुपित? खडेबाजारात शिंकलं की टिळकवाडीत रुमाल काढतात.

कॅम्पातला_अण्णा

हे शंभर टक्के चुकीचं आहे. वकील आणि अशील, डॉक्टर आणि पेशंट, यांच्यातलं बोलणं कोर्टातसुद्धा विचारता येत नाही. कौन्सिलर तेच. तक्रार करा, सोडू नका.

एलएलबी_लास्ट_इयर

अण्णा, उलटं आहे. कौन्सिलरला सांगणं बंधनकारकच असतं, नाही सांगितलं तर तोच अडकतो. आम्हाला टारासॉफची केस शिकवली. अमेरिकेत बर्कलेला प्रोसेनजित पोद्दार नावाचा विद्यार्थी होता, आपल्या बंगालचा. त्यानं १९६९ मध्ये थेरपिस्टला सांगितलं की मी एका मुलीला मारणार. थेरपिस्टनं कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी पकडला, नॉर्मल वाटला म्हणून सोडला. मुलगी तेव्हा सुट्टीला परदेशात होती, तिला कुणीच काही सांगितलं नाही, ती परत आल्यावर त्यानं तिचा खून केला. मग कोर्ट म्हणालं की लोकांच्या जिवाला धोका सुरू होतो तिथं गुप्तता संपते. त्यामुळं या मॅडमनी कायदाच पाळला, विषय संपला.

शुभदा_धारवाड

विषय संपला नाही. उलट इथं दोन वेगळे विषय आहेत आणि ते एकत्र कालवले जातायत.

मी मनोरुग्णालयात सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून २२ वर्षं काम केलं, आता रिटायर आहे. आधी अण्णांना. आपल्या साक्षीच्या कायद्यात वकिलाला ते संरक्षण आहे, नवरा-बायकोला आहे, डॉक्टरला किंवा कौन्सिलरला नाही. कोर्टानं बोलावून विचारलं तर मला बोलावं लागतं, मी बोललेसुद्धा आहे. आता लास्ट इयर, तुमची गोष्ट खरी, पण ती कॅलिफोर्नियाची. आपल्याकडं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, त्याचं कलम २३. त्यात आधी लिहिलंय की पेशंटची माहिती गुप्त ठेवायची, आणि मग अपवाद दिलेत. दुसऱ्या कुणाला इजा होण्यापासून वाचवायला गरज असेल तर सांगता येतं. 'सांगता येतं', 'सांगितलंच पाहिजे' असं नाही. भाषेचा फरक बारीक वाटेल, पण सगळं तिथंच आहे. कारण लगेच पुढं असंही आहे की ती इजा टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची. तेवढीच.

म्हणून ऊसकरी, मला दोन गोष्टी सांगा. भावानं नेमकं काय शब्द वापरले? आणि मॅडमनी बाबांना नेमकं काय काय सांगितलं? सगळं, अक्षर न् अक्षर.

गोवावेस

एक प्रश्न, बेळगावात चांगला कौन्सिलर कोण आहे? मुलगा दहावीला आहे, सतत मोबाईल.

कुंदाप्रेमी

ह्या धाग्यावर येऊन चांगला कौन्सिलर विचारताय म्हणजे कमाल आहे तुमची.

ऊसकरी_निपाणी

शुभदाताई, काल भावाला शेतात गाठून विचारलं. आधी बोलंना, मग बोलला. त्यानं सांगितलेलं असं होतं: 'रात्री दोनला थ्री फेज येते तेव्हा तो मोटार लावायला एकटाच विहिरीवर येतो, ह्या पाळीला कोयता घेऊन जातो, एकदाच मिटवतो.' मी म्हटलं तू खरंच करणार होतास काय. म्हणाला माहीत नाही, पण बोलताना हात थरथरत होते.

कोयता घरातच असतोय, ऊसवाल्यांच्या घरात नसंल तरच नवल.

शुभदा_धारवाड

हे वाचून मी जरा वेळ तशीच बसले.

बघा, 'मारतो त्याला', 'सोडणार नाही', 'एक दिवस बघतोच', असलं दिवसाला दहा वेळा ऐकू येतं. भाऊबंदकीत तर रामराम घालावा तसं बोलतात. त्यावर कुणी फोन उचलत नाही, उचलूही नये, नाहीतर लोक रागच सांगायचे बंद होतील आणि राग सांगायलाच तर ते येतात. पण इथं माणूस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, हत्यार हाताशी आहे, तो माणूस त्या वेळी एकटा असतो हे माहीत आहे, आणि वर दारू. मी त्या खुर्चीत असते तर पुढचं विचारलं असतं: ही पाळी कधी आहे? आधी कधी हात उचललाय का? आज घरी जाताना पिणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुला थांबवणारं काही आहे का, आई, कोण? ह्या शेवटच्या प्रश्नाला जो गप्प बसतो त्याची मला जास्त भीती वाटते.

त्यामुळं बोलणं बाहेर नेलं हे मी चूक म्हणणार नाही. पण कसं नेलं, तो मुद्दा राहिलाच आहे. तो बसमध्ये असताना फोन? म्हणजे त्याला न सांगता?

ऊसकरी_निपाणी

हो, त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. पुढच्या बुधवारी ये म्हणाल्या, एवढंच.

आयसीटीसी_वाली

मी बोलू का, मी कौन्सिलरच आहे पण एचआयव्हीच्या सेंटरला, चिकोडी भागात. आमच्याकडं हा प्रश्न रोजचा. नवरा पॉझिटिव्ह येतो आणि म्हणतो बायकोला सांगू नका. आधी ज्याचं त्याचं मन चालायचं. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टात एक केस झालेली, हॉस्पिटलमधनं रिपोर्टची बातमी फुटली आणि माणसाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोर्ट म्हणालं होणाऱ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून हॉस्पिटलनं चूक केली नाही. पण त्यात कसं सांगायचं ते ठरलं नव्हतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात ते आलं, आणि मला वाटतं आपल्या देशात एवढं स्वच्छ कुठंच लिहिलेलं नाही.

आधी जोडीदाराला खरंच मोठा धोका आहे का ते बघायचं. मग त्या माणसालाच समजवायचं की तूच सांग, मी बसते बरोबर. तो सांगणार नाही अशी खात्री झाली की त्याला तोंडावर सांगायचं, आता मी सांगणार आहे. आणि मग जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं, फोनवर नाही, सासूकडनं निरोप नाही. शिवाय बाईच्या बाबतीत, सांगितलं तर तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर सांगायचं नाही असंही आहे.

दहातले बरेच जण 'आता मी सांगणार' म्हटल्यावर स्वतःच सांगतात, हा माझा अनुभव. ह्या दादांच्या भावाला ती संधीच मिळाली नाही.

कॅम्पातला_अण्णा

पण ताई, त्याला आधी सांगितलं असतं की मी तुझ्या बापाला फोन करणार आहे, तर तो तिथनंच पळून त्याच रात्री विहिरीवर गेला असता तर?

आयसीटीसी_वाली

हो अण्णा, ही भीती असतेच. आमच्याकडं वेळ असतो, आठवडा-दोन आठवडे. इथं नव्हता कदाचित.

शुभदा_धारवाड

अण्णांनी बरोबर जागी बोट ठेवलं. ज्याला सांगितल्यानंच धोका वाढेल त्याला आधी सांगायचं नाही, हे मान्य. पण ते अपवाद म्हणून. बहुतेक वेळा खोलीतल्या खोलीत होऊ शकतं. मी एकाला असंच म्हणाले होते: 'तू आत्ता जे बोललास ते मी ह्या चार भिंतीत ठेवू शकत नाही, पहिल्या दिवशी आपलं बोलणं झालेलं आठवतंय ना? आता आपण दोघं मिळून ठरवू कुणाला सांगायचं आणि काय. फोन तू लाव, स्पीकरवर टाक, मी इथंच आहे.' त्यानं थोरल्या मेहुण्याला फोन लावला, वडलांना नाही. मेहुणा तासाभरात स्कूटरवरनं आला, त्याला घेऊन गेला आणि त्या रात्री आपल्याकडंच झोपवला. घरातलं हत्यार दुसऱ्या दिवशी मेहुण्यानंच हलवलं. डॉक्टरांना मी कळवलं, त्यांनी गोळी बदलली. पोलीस नाहीत, समोरच्याला फोन नाही. तो नंतर दोन वर्षं येत होता.

एलएलबी_लास्ट_इयर

पण मॅडम, ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला सांगायला नको? टारासॉफमध्ये तोच तर मुद्दा होता, मुलीला कुणी सांगितलं नाही.

निपाणीकर_मामा

आमच्याकडं चुलतभावाला सांगायचं म्हणताय? अरे बाबा, त्याला फोन गेला असता तर तो बॅटरी आणि आठ माणसं घेऊन विहिरीवर आला असता, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची दोन-दोन माणसं सिव्हिलमध्ये. वर पोलिसात केस, वकिलाला ऊसबिल. हे कॉलेजच्या पुस्तकात नसतंय.

शुभदा_धारवाड

मामांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. लास्ट इयर, त्या केसचा दुसरा निकाल वाचलात का? १९७४ मध्ये कोर्ट म्हणालं होतं की धोक्यातल्या माणसाला इशारा द्या. मग परत सुनावणी झाली आणि १९७६ मध्ये म्हणाले की वाचवण्यासाठी योग्य ती काळजी घ्या. इशारा देणं हा त्यातला एक मार्ग झाला, एकमेव नाही. उपचार वाढवणं, भरती करणं, हत्यार लांब करणं, रात्री सोबत ठेवणं, पोलिसांना कळवणं, यातलं जे त्या वेळी खरोखर वाचवेल ते. पण मामा, तुम्हालाही एक विचारते. भाऊ त्या दिवशी घरी पोचलाच नसता, फोन बंद, पाळी त्याच रात्रीची, तर? तेव्हा मी ११२ लावला असता आणि चुलतभावालाही 'आज रात्री विहिरीवर जाऊ नका' एवढं तरी सांगितलंच असतं. आठ माणसं आली असती तरी.

निपाणीकर_मामा

तेवढं म्हणत असाल तर ठीक. पण कारण सांगायचं नाही.

शुभदा_धारवाड

कारण सांगायची गरजच नाही. तेच तर म्हणतेय मी पहिल्यापासून.

रिटायर्ड_मास्तर

थोडं विषयांतर, पण सही आणि शब्द यावरनं आठवलं. आमच्या शाळेत एक समुपदेशक बाई यायच्या. नववीतली एक मुलगी त्यांच्याकडं गेली, म्हणाली आधी वचन द्या कुणाला सांगणार नाही. बाईंनी दिलं, मायाळू होत्या बिचाऱ्या. मग तिनं घरातल्याच एका माणसाबद्दल सांगितलं, पुढचं मी लिहीत नाही. बाईंना पोक्सो कायद्याप्रमाणं पोलिसांना कळवावंच लागलं. ती मुलगी शाळेत असेपर्यंत बाईंकडं बघायची सुद्धा नाही. कळवलं त्याचं तिला तेवढं लागलं नाही, वचन मोडलं त्याचं लागलं.

एलएलबी_लास्ट_इयर

बघा, पोक्सोत बंधनकारक आहे की नाही? कलम १९.

शुभदा_धारवाड

तिथं आहे, हे तुमचं बरोबर. १८ खालच्या मुलाबद्दल असं काही कळलं तर कुणालाही कळवावंच लागतं, कौन्सिलर असो की शेजारी, न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तिथं मुलीची संमती विचारायचा प्रश्नच येत नाही, पण तिला सांगायचा प्रश्न येतो. मास्तर, म्हणूनच आम्ही नव्या पोरींना शिकवायचो, मूल 'वचन द्या' म्हणालं की 'देते' म्हणायचं नाही. म्हणायचं, 'तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला काही लोकांना सांगावं लागेल, कुणाला ते तुला आधी सांगेन.' काही मुलं तिथंच गप्प होतात आणि उठून जातात. ते गिळावं लागतं.

आयसीटीसी_वाली

आणि १७ वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीनं १९ च्या मुलाबरोबर असेल तर? तेही कळवायचं? मला हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कायद्याचं उत्तर माहीत आहे, पण त्यानंतर त्या वस्तीतल्या मुली दवाखान्यातच यायच्या बंद होतात, हेही बघितलंय.

शुभदा_धारवाड

मलाही सुटलेला नाही.

सीमाभागी_वाघ

मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही!! फॉर्म कन्नडात का? मराठी माणसाला मराठीत फॉर्म मिळालाच पाहिजे, हा आमच्या अस्मितेचा प्रश्न आहे, १९५६ पासनं हेच चाललंय

संपादक

वाघसाहेब, सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, ४१२ प्रतिसाद झालेत, तिकडं या. फॉर्मच्या भाषेबद्दल बोलायचं तर इथं बोला.

शुभदा_धारवाड

फॉर्मच्या भाषेबद्दल मीच बोलते, वाघसाहेबांचा अर्धा मुद्दा खरा आहे, आणि त्याला अस्मितेची गरज नाही. त्याच २०१७ च्या कायद्यात माहितीपूर्ण संमती म्हणजे काय ते लिहिलंय: दबाव, धमकी, फसवणूक यातलं काही नसताना दिलेली, आणि माणसाला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा रीतीनं फायदे, धोके, पर्याय सांगून मग घेतलेली. समजेल अशा रीतीनं हे शब्द भाषेइतकेच मोठे आहेत. चार पानं शुद्ध मराठीत छापून दिली आणि 'इथं सही करा' म्हटलं, तरी ती संमती नाही. आणि दादा, राग मानू नका, 'कर रे सही, उशीर होतोय' हीसुद्धा नाही.

धारवाडला आमच्याकडं कन्नड, मराठी, उर्दू, लमाणी, सगळे यायचे. मी फॉर्म बाजूला ठेवून आधी तोंडी सांगायची. साधारण असं: 'तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. घरच्यांनी फोन करून विचारलं तरी मी सांगणार नाही, तू आलास की नाही एवढंसुद्धा नाही. पण तुझ्या स्वतःच्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, लहान मुलाला कुणी त्रास देतंय असं कळलं, किंवा कोर्टानं विचारलं, तर मला बोलावं लागेल. तेव्हाही लागेल तेवढंच बोलेन, आणि जमेल तोवर आधी तुला सांगेन. डॉक्टरांशी मात्र तुझ्या औषधापुरतं बोलत राहीन.' मग विचारायची, आता तू मला सांग, मी काय म्हणाले? इथं खरं कळायचं. निम्मे लोक म्हणायचे 'तुम्ही कुणाला सांगणार नाही.' म्हणजे परत पहिल्यापासनं. दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

आणि नातेवाइकाला दुभाषी करू नये. त्या फॉर्मवर काय आहे ते भावाला दादांकडनं कळणार, आणि उद्या तक्रार दादांबद्दलचीच असली तर?

कुंदाप्रेमी

बँकेत, मोबाईलच्या अॅपमध्ये, सगळीकडं आपण 'आय अॅग्री' दाबतोय, इथं तरी कोण वाचणार होतं.

मलप्रभाकाठ

कुंदाप्रेमी, अॅपला तू तुझ्या बापाबद्दल सांगत नाहीस.

ऊसकरी_निपाणी

ताई, तुम्ही दुसरा प्रश्न विचारलेला, मॅडमनी बाबांना काय काय सांगितलं. मी टाळत होतो. आता सांगतो.

बाबांकडनं काढून घेतलं. मारायचं बोलला, कोयत्याचं, पाळीचं, हे सांगितलं. त्यापुढं असंही सांगितलं की तो आठवड्यातनं पाच दिवस पितो, ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे त्यात जातात, आणि त्याचं एका मुलीशी आहे, जातीबाहेरची आहे म्हणून तो घरात बोलू शकत नाही, 'मानसिक तणावाचं ते मूळ आहे, समजून घ्या' म्हणाल्या. बाबांनी समजून घेतलं ते असं की दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी माणूस पाठवला. आता ती मुलगी आजीकडं आजऱ्याला आहे, फोन बंद.

भाऊ कोयत्याच्या गोष्टीवरनं रागावलेला नाहीच मुळात. काल म्हणाला, 'ते सांगितलं ते बरंच झालं एका परीनं. तिचं का सांगितलं?'

आयसीटीसी_वाली

अरे देवा.

कॅम्पातला_अण्णा

आता बोला कोण म्हणत होतं मॅडम बरोबर.

शुभदा_धारवाड

मी म्हणत होते, आणि त्यातला अर्धा भाग अजून म्हणतेय. धोक्याचं सांगितलं ते कलमात बसतं. मुलीचं सांगितलं ते कशातच बसत नाही. चाचणी अगदी सोपी आहे: हे वाक्य नाही सांगितलं तर त्या रात्री चुलतभावाचा जीव जास्त धोक्यात येतो का? कोयता, होय. विहीर आणि रात्रीची वेळ, होय. आज प्यायला देऊ नका एवढं, होय. हप्त्याचे पैसे, नाही. मुलगी, नाही. उलट तिच्या बाबतीत नवा धोका तयार केला, आणि ती तर पेशंटसुद्धा नाही, तिनं कुठल्या फॉर्मवर सही केलेली? चांगल्या मनानं केलं असेल, एकदा दार उघडलं की सगळंच सांगून मोकळं व्हावंसं वाटतं, घरच्यांनी पोराला समजून घ्यावं असं वाटतं. मीही सुरुवातीच्या वर्षांत एकदा असं केलंय, अजून आठवतं.

फोन दोन मिनिटांचा असायला हवा होता. 'तो तुमच्या पुतण्याला इजा करेल अशी मला भीती आहे. घरातले कोयते आज हलवा. पाळीच्या रात्री त्याला शेतात एकटं सोडू नका. उद्या डॉक्टरांकडं आणा. बाकी तो स्वतः सांगेल तेव्हा सांगेल.' आणि फोन ठेवल्यावर वहीत वेळ, कुणाला सांगितलं, नेमके शब्द आणि का, हे लिहून ठेवायचं.

एलएलबी_लास्ट_इयर

मग तक्रार होऊ शकते ना? त्याच कायद्याखाली?

शुभदा_धारवाड

डॉक्टरांबद्दल असती तर सरळ होती. फक्त एमए सायकॉलॉजी करून कौन्सिलिंग करणारे त्या कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत सरळ बसत नाहीत, त्यामुळं तिथं वाद घालणारा वकील मिळेल. मी असते तर आधी ज्या डॉक्टरांनी पाठवलं त्यांना भेटले असते, पेशंट त्यांचा आहे. आणि भाऊ मोठा आहे, तक्रार करायची की नाही हे त्यानं ठरवायचं, दादांनी नाही, आपण तर नाहीच.

दुसरं एक, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. प्रौढ माणूस साध्या कागदावर लिहून, सही करून स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. वेळ आली तर कुणाशी बोलायचं हे तोच आधी ठरवून ठेवतो. माझ्या त्या पेशंटनं मेहुण्याला नेमलं होतं म्हणून मला वडलांना फोन लावावाच लागला नाही.

निपाणीकर_मामा

हे आधी माहीत असतं तर अर्ध्या तालुक्यानं बापाला सोडून मामाला नेमलं असतं.

गोवावेस

पण दहावीच्या मुलाला फोन किती वेळ द्यावा?

मलप्रभाकाठ

काका, तासभर. आता झोपा.

ऊसकरी_निपाणी

नऊ दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांना भेटलो, भाऊ स्वतः बोलला, मी बाहेर बसलो. मॅडमशी बोलणार म्हणाले, पुढचं भाऊच बघंल. त्यांनी दुसऱ्या एकांकडं पाठवलंय, हुक्केरीकडचे आहेत, मराठी येतं. पहिला तास सगळा त्या फॉर्मवरच गेला म्हणाला, चार वेळा तेच तेच विचारलं, वैताग आला. पण एक विचारून आला: 'म्हणजे राग आलाय असं म्हणू शकतो, कोयत्याचं म्हटलं की मग तुम्ही बोलणार?' ते म्हणाले कोयत्याचंबी इथंच म्हण, नाहीतर कुठं म्हणणार, फक्त मी मग गप्प बसणार नाही. भाऊ दोन दिवस ह्याच्यावर विचार करायलाय. पटलंय का नाही मला कळत नाही.

मुलीचा अजून पत्ता नाही. बाबा बोलत नाहीत. पाळीला मोटार लावायला मीच जातोय सध्या.

आणि शुभदाताई, तुमचा तो साधा कागद त्यानं लिहिला. मला वाटलं माझं नाव घालंल. वहिनीचं घातलंय, म्हणजे माझ्या बायकोचं.

शुभदा_धारवाड

छान. पण तिची संमती घेतली का? प्रतिनिधीनंही लेखी होकार द्यावा लागतो.

ऊसकरी_निपाणी

विचारलं. म्हणाली फॉर्म कन्नडात असंल तर सही करणार नाही.